अंतराळयुद्ध नको असेल तर: ‘द मार्शियन’ की ‘द ब्लॅक क्लाउड’?

आकाशगंगेतली राजघराणी आणि लेझरच्या चकमकी यांना विटलेल्या वाचकाला हल्ली बहुतेक जण अँडी वीअरची ‘द मार्शियन’ सुचवतात. मी तिच्या शेजारी फ्रेड हॉइल यांची १९५७ सालची ‘द ब्लॅक क्लाउड’ ठेवेन. हॉइल स्वतः खगोलशास्त्रज्ञ, केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे मार्गदर्शक.

‘द मार्शियन’ हातातून सुटत नाही, हे मान्य. मंगळावर अडकलेला वॉटनी हायड्रॅझिन हे उरलेलं रॉकेटचं इंधन इरिडियम धातूवर थोडंथोडं सोडून त्यातला हायड्रोजन वेगळा करतो आणि तो जाळून बटाट्यांसाठी पाणी बनवतो. पण सगळा हायड्रोजन जळत नाही. उरलेला निवाऱ्याच्या हवेत साचत जातो आणि पुढचं संकट तिथूनच येतं. रसायनशास्त्र असं कथानक पुढे नेतं तेव्हा फार बरं वाटतं.

माझं घोडं अडलं ते सुरुवातीच्या वादळापाशी. ताशी १७५ किलोमीटरच्या वाऱ्यामुळे मोहीम गुंडाळावी लागते. मंगळाची हवा मात्र आपल्या हवेच्या सुमारे साठाव्या हिश्श्याइतकीच दाट. वाऱ्याचा जोर घनता गुणिले वेगाचा वर्ग या हिशोबाने वाढतो, म्हणजे ते वादळ आपल्याकडच्या ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या वाऱ्याएवढंच लागेल. वीअरने ही सवलत जाणूनबुजून घेतल्याचं उघडपणे सांगितलं आहे. तरीही प्रत्येक ग्रॅमचा हिशोब मांडणारी गोष्ट ज्या पायावर उभी आहे तोच पोकळ निघाला, हे मला शेवटपर्यंत टोचत राहिलं. तुम्हाला कदाचित टोचणार नाही.

हॉइल यांचं गृहीतक याहून कितीतरी मोठं आहे, पण ते चोरून आत येत नाही. आकाशाच्या छायाचित्रांत एक काळा डाग मोठा होताना दिसतो, पण बाजूला सरकत नाही. अर्थात तो डाग म्हणजे थेट आपल्याकडे येणारा ढग. अशा डागाची रुंदी महिन्याला पाच टक्क्यांनी वाढत असेल, तर तो साधारण वीस महिन्यांत पोहोचेल. त्यासाठी अंतर ठाऊक असायची गरज नाही, वेगही नको! पुढे शास्त्रज्ञ ठरावीक लांबीच्या रेडिओलहरी सोडतात आणि दर वेळी वातावरणातलं आयनीभवन, म्हणजे विद्युतभारित कणांचं प्रमाण, वाढतं; प्रक्षेपण थांबवलं की ते उतरतं. पुन्हा करून पाहिलं तरी तेच, जणू ढगच उत्तर देतोय. ढगात बुद्धी आहे हा निष्कर्ष या निरीक्षणांतून निघतो, म्हणून तो पटतो.

उणिवा आहेत. पात्रं व्याख्यानं दिल्यासारखी बोलतात, स्त्रिया नावापुरत्या आहेत आणि नायक किंग्जली राजकारण्यांना तुच्छ लेखतो ते कधीकधी अती होतं. प्रवासात वाचायला काही हवं असेल तर वीअरच घ्या. पण विज्ञानात एखादी गोष्ट कळते कशी, याची ओढ असेल तर मी हॉइल यांच्याकडे झुकेन. सुरुवातीच्या बैठकांना कंटाळून पुस्तक मिटू नका. सूर्याकडे येणारा ढग स्वतःचा वेग कमी करू लागतो, तिथपर्यंत तरी वाचा.