खात्यात अठरा लाख होते, तरी व्हिसा नाकारला

हे लिहू नये असं आईचं म्हणणं होतं. पण सांगलीत विश्रामबाग ते मार्केट यार्डपर्यंत व्हिसासाठी 'फंड दाखवून देतो' म्हणणारे इतके झालेत, की गप्प बसणं बरं वाटेना.

धाकट्या बहिणीला कॅनडातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पहिल्या वर्षाची फी 16,000 कॅनेडियन डॉलर. शिवाय 1 सप्टेंबर 2025 पासूनच्या अर्जांना एकट्या विद्यार्थ्याने राहण्या-खाण्यासाठी 22,895 डॉलर दाखवावे लागतात. विमानाचं भाडं वेगळं. डॉलर 63 रुपयांना धरला तर फी आणि खर्च मिळून साडेचोवीस लाख. फीपैकी 8,000 आम्ही आधीच भरले होते, म्हणजे साडेएकोणीस लाख दाखवायचे राहिले होते.

बाबांचं तासगावकडे तीन एकर द्राक्ष आहे, बेदाणा करतो आम्ही, आणि गावात खताचं छोटं दुकान आहे. पैसा नव्हता असं नाही, पण तो विखुरलेला. बेदाण्याचे काही पैसे आईच्या खात्यात, काही दुकानाच्या करंट खात्यात, थोडे जिल्हा बँकेत ठेवीला. एजंटाने कागद उलटेपालटे केले आणि बाजूला सारले. "काका, शेतीचा पैसा तिकडं कोण समजत नाही. एका खात्यात एक गोळा रक्कम दिसली पाहिजे. ते माझ्यावर सोडा."

त्याच्या ओळखीच्या फायनान्सरने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या बचत खात्यात नऊ-नऊ लाख दोनदा टाकले. महिना अडीच टक्के व्याज, म्हणजे 45,000. एजंटाची फी 60,000. हमी म्हणून बाबांनी सही केलेले दोन कोरे चेक दिले. बँकेकडून बॅलन्स सर्टिफिकेट आणि चार महिन्यांचं स्टेटमेंट घेतलं, अर्ज गेला, आणि दुसऱ्याच दिवशी रक्कम परत फिरली. वर सीएचं एक सर्टिफिकेट जोडलं होतं, त्यात आमच्या जमिनीची किंमत सव्वा कोट. ते बघून बाबांनाच हसू आलं होतं. आम्ही तेव्हाच थांबायला हवं होतं.

नोव्हेंबरात नकार आला. हल्ली नकारपत्राबरोबर अधिकाऱ्याच्या टिपणाचा भागही येतो. आमचं टिपण पाच-सहा ओळींचं होतं. बहिणीने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मधेच थांबली. आशय असा : वडिलांच्या खात्यात बहुतेक वेळ तीस-चाळीस हजारांच्या आत शिल्लक, मग दोन मोठ्या रकमा, त्या कुठून आल्या याचा खुलासा नाही. आयकर विवरणात वर्षाचं उत्पन्न 4,10,000. एवढ्या उत्पन्नात ही बचत कशी साठली ते समजत नाही. जमीन विकून पैसा हाताशी येईल असं मानता येत नाही.

त्यानंतर मी एका परवानाधारक सल्लागाराशी बोललो आणि मग कळलं की आम्ही स्टेटमेंट ज्या टोकाने वाचत होतो, अधिकारी ते त्या टोकाने वाचतच नाही. आपण शेवटचा आकडा बघतो. तो आधी आधीच्या महिन्यांचा प्रवाह बघतो : पगार किंवा धंद्याचा पैसा कुठल्या तारखांना येतो, घरखर्च कसा जातो, शिल्लक हळूहळू वाढते की एका दिवशी उडी मारते. मग तो आयकर विवरण शेजारी ठेवतो. कॅनडाच्या नियम 220 मध्ये पुरेसा आणि उपलब्ध पैसा हवा, आणि तोही तिथे नोकरी न करता, असं आहे. 'उपलब्ध' या शब्दावर आमची सव्वा कोटीची जमीन अडली. आणि ज्याचा उगम सांगता येत नाही तो पैसा अधिकारी उसना धरतो. आमच्या बाबतीत तो खरंच उसना होता, त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची?

मोठी रक्कम येणं गुन्हा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. प्लॉट विकला तर खरेदीखत जोडा, ठेव मोडली तर तिची पावती, सोनेतारण काढलं तर बँकेचं पत्र. प्रत्येक रकमेमागे एक कागद आणि सोबत अर्ध्या पानाचं पत्र, की कुठल्या तारखेची कुठली रक्कम कशाची. आमच्याकडे अडतीच्या पट्ट्या होत्या, साडेसात टन बेदाण्याच्या, 12,75,000 रुपयांच्या. पट्टीवरची रक्कम आणि आरटीजीएसची नोंद जुळत होती. म्हणजे खरा पैसा कागदासकट घरात होता, आणि आम्ही 1,05,000 देऊन खोटा पैसा विकत घेतला! (शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून बाबा ते विवरणात लिहीतच नसत. कर नसला तरी रकाना आहे. त्यात आकडा असता तर 4,10,000 इतके पोरके दिसले नसते.)

सीएच्या सर्टिफिकेटवर यूडीआयएन असतो, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा अठरा अंकी ओळख क्रमांक. तो udin.icai.org वर घालून बघितला, नोंदच सापडेना. ही गोष्ट अधिकाऱ्याच्या नजरेला आली असती तर साधा नकार न येता खोटी माहिती दिल्याचा ठपका आला असता, म्हणजे पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. आणि अर्ज तर बहिणीच्या नावानेच, तिनेच भरल्यासारखा गेला होता. एजंटाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. पैसे घेणाऱ्या प्रतिनिधीला IMM 5476 फॉर्ममध्ये आपलं नाव द्यावं लागतं. त्याने दिलं नाही, कारण परवानाच नव्हता. लॉगिन आणि ईमेलही त्याच्याच हातात. पासवर्ड मागितला की म्हणायचा, "ताई, सिस्टीम बिघडेल."

आता नव्याने तयारी चालू आहे. बँकेने शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेतली नाही, कारण वसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. सांगलीतलं घर बिगरशेती, ते तारण दिलं आणि 18 लाख मंजूर झाले. त्यातून कॅनडातल्या बँकेत राहण्याच्या खर्चाची जीआयसी, म्हणजे एक प्रकारची मुदत ठेव, काढतोय. ती रक्कम बहिणीच्या नावावर तिकडे अडकते आणि पोचल्यावर हप्त्याहप्त्याने तिला मिळते, म्हणून नुसता दाखवण्यापुरता आणलेला उसना पैसा तिथे चालत नाही. एजंटाने जीआयसीचं नाव का काढलं नव्हतं ते आता कळतं. उरलेली फी ठेव मोडून भरतोय, बेदाण्याच्या पट्ट्या आईबाबांच्या तीनही खात्यांच्या स्टेटमेंटसोबत लावतोय. 'आधी व्हिसा नाकारला होता का' या प्रश्नाला हो लिहिणार आहोत. शेजारचे एक काका 'नाही' लिहा म्हणतात, त्यांना चहा देऊन वाटेला लावलं.

फायनान्सरला मुद्दल आणि महिन्याचं व्याज मिळालं, तरी त्याचा माणूस आणखी दीड महिन्याचं व्याज मागतोय आणि कोरे चेक देत नाहीये. बाबांनी बँकेत त्या दोन्ही चेकचं पेमेंट थांबवण्याचा अर्ज दिला आणि वकिलामार्फत नोटीस गेली. पोलिसांत तक्रार दिली तेव्हा हवालदाराने विचारलं, "चेकवर सही कुणाची?" बाबा म्हणाले, "माझी." त्यांनी मान खाली घातली होती. मी शेजारीच उभा होतो.