स्पॉटिफायवरून यूट्यूब म्युझिकवर: प्लेलिस्ट नेण्याच्या तीन वाटा आणि बेळगावी यादीची अडचण

यूट्यूब प्रीमियम घेतलं की यूट्यूब म्युझिक त्यातच येतं. मग स्पॉटिफायचे वेगळे पैसे कशाला, असा हिशेब बऱ्याच घरांत होतो आणि प्रश्न एकच उरतो: वर्षानुवर्षं जमवलेली यादी तिकडं न्यायची कशी? त्यासाठी तीन वाटा आहेत. स्थलांतर करून देणारी साइट वापरायची, सेवेकडूनच आपला डेटा मागवायचा, किंवा यादी स्वतः तक्त्यात उतरवून हातानं लावायची. कोणती वाट बरी हे यादीत काय आहे त्यावर ठरतं, आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या याद्या या साधनांना जरा जडच जातात.

कारण त्या मिसळीच्या असतात. शहापूरच्या एका काकांची यादी पाहू. 340 गाणी. त्यांतली 210 हिंदी चित्रपटांची, 90 मराठी अभंग, नाट्यगीतं आणि भावगीतं, उरलेली 40 कन्नड. त्यात पुरंदरदासांसारख्या संतांची पदं, म्हणजे दासपदं, भरपूर. भीमसेनांचा आवाज त्यात मराठीतूनही आहे आणि कन्नडमधूनही. अशी यादी पुण्याच्या माणसाकडं सहसा सापडायची नाही.

स्थलांतराच्या साइट

यात साउंडीज आणि ट्यूनमायम्युझिक ही दोन नावं जास्त चालतात. फुकटात साउंडीज एका यादीतली 200 गाणी नेतं, ट्यूनमायम्युझिक एकूण 500. म्हणजे काकांची यादी साउंडीजवर आधी दोन तुकड्यांत कापावी लागते, ट्यूनमायम्युझिकवर एका दमात जाते. यापलीकडं दोघांत सामान्य माणसानं विचार करावा असा फरक मला दिसत नाही. दोन्हीकडं आधी जुनं खातं जोडायचं, मग नवं, यादी निवडायची आणि थांबायचं.

पडद्यामागं काय होतं ते कळलं तर गाणी कुठं हरवतात तेही कळतं. प्रत्येक अधिकृत ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा 12 अक्षरांचा क्रमांक असतो. दोन्ही सेवांकडं तो क्रमांक शोधता येत असेल तर साइट त्याच क्रमांकाचं ध्वनिमुद्रण थेट उचलते. स्पॉटिफाय हा क्रमांक देतं. यूट्यूबवर मात्र बाहेरच्या साइटला क्रमांकानं शोध घेता येत नाही, म्हणून तिकडं गाण्याचं नाव आणि गायकाचं नाव टाकून साधा शोधच होतो. वर जे येईल ते उचललं जातं.

हिंदी चित्रपटगीतांना यानं सहसा धक्का लागत नाही. त्यांची रोमन स्पेलिंगं बहुतेक ठरून गेलेली आहेत आणि मूळ गाणंच सगळ्यांत वर येतं. अभंगांचं तसं नाही. `Majhe Maher Pandhari`, `Maze Maher Pandhari` आणि देवनागरीतलं «माझे माहेर पंढरी» ही तीन रूपं शोधयंत्राला तीन वेगवेगळी नावं वाटू शकतात. त्यात हा अभंग भीमसेनांनी गायलेल्या चालीवर गाणारे गावोगाव आहेत आणि त्या सगळ्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. कन्नड पदांचं तर विचारूच नका. पुरंदरदासांचं «भाग्यदा लक्ष्मी बारम्मा» किती जणांनी गायलंय! स्पेलिंगमध्ये कुठं `Lakshmi`, कुठं `Laxmi`, कुठं थेट कन्नड लिपी.

काकांच्या यादीचा निकाल असा आला: 331 गाणी सापडली, 9 नाहीत. आकडा पाहून कुणीही खूश होईल. पण न सापडलेल्या 9 गाण्यांची मला फारशी काळजी नाही. साइट त्यांची नावं शेवटी दाखवते, ती हातानं शोधता येतात. काळजी आहे ती सापडली म्हणून मोजलेल्या पण भलत्याच निघालेल्या गाण्यांची. अशी 14 होती आणि एक सोडून सगळी मराठी-कन्नड भागातली. कुठं दुसराच गायक, कुठं मैफिलीतलं लांब गाणं, कुठं कुणाच्या तरी कार्यक्रमातलं मोबाइलवरचं चित्रण. काका ऐकता ऐकता म्हणाले, «पद तेच हाय की ओ, पण माणूस दुसराच गायलाय!» साइटच्या अहवालात यातलं काहीच दिसत नाही.

हे पकडायचं सोपं साधन म्हणजे गाण्याची लांबी. संगणकावर दोन खिडक्या शेजारी उघडायच्या, एकीत जुनी यादी, दुसरीत `music.youtube.com`. दोन्हीकडं प्रत्येक गाण्यासमोर मिनिटं आणि सेकंद दिसतात. दोन-चार सेकंदांचा फरक चालतो, तो सुरुवातीच्या-शेवटच्या शांततेचा असतो. फरक अर्ध्या मिनिटाच्या वर गेला की ते ध्वनिमुद्रण बहुतेक वेगळंच. 340 गाणी तपासायची गरज नाही. हिंदीवरून नुसती नजर फिरवायची आणि मराठी-कन्नड 130 नीट बघायची.

सेवेकडून डेटा मागवणं

ही वाट बॅकअपची आहे, स्थलांतराची नाही. पण दोन सेवांत इथं जो फरक आहे तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

स्पॉटिफायच्या खात्यातल्या प्रायव्हसी पानावरून डेटा मागवला की काही दिवसांनी मेलवर झिप फाइलची लिंक येते. तिच्यातल्या `Playlist1.json` या फाइलमध्ये गाण्याचं नाव, कलाकार आणि अल्बम सरळ वाचता येतात. फाइल दिसायला रुक्ष, पण माणसाला कळणारी.

गुगलचं टेकआउट तसं नाही. `takeout.google.com` वरून यूट्यूबच्या याद्या उतरवल्या तर प्रत्येक यादीची सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या तक्त्याची फाइल मिळते, पण तिच्यात असतो फक्त व्हिडिओचा 11 अक्षरांचा क्रमांक आणि तो यादीत टाकल्याची वेळ. गाण्याचं नाव नाही, गायकाचं नाही. व्हिडिओ यूट्यूबवर आहे तोवर क्रमांकावरून नाव काढता येतं. ज्यानं टाकला त्यानंच काढून टाकला, तर तुमच्या हाती 11 अक्षरं उरतात आणि तिथं कोणतं गाणं होतं हे सांगणारं कुणी नाही. खुद्द ॲपमधल्या यादीतही त्या जागी नाव उरत नाही. आपल्याकडच्या भजनी मंडळांची, गावच्या नाटकांतल्या पदांची चित्रणं कुणाच्या तरी वैयक्तिक चॅनेलवर असतात. ती स्पॉटिफायवर कधी नव्हतीच, त्यामुळं उद्या यूट्यूबवरून परत यायचं झालं तर तेवढी मागंच राहतात. म्हणून यूट्यूब म्युझिकवर गेलेल्या माणसाला नावांच्या यादीची गरज स्पॉटिफायवाल्यापेक्षा जास्त आहे.

स्वतःची यादी

हातानं 340 नावं टंकण्याची गरज नाही. ट्यूनमायम्युझिकवरच नव्या सेवेऐवजी फाइल हा पर्याय निवडला की सीएसव्ही मिळते. तिच्यात नाव, गायक, अल्बम आणि आयएसआरसी येतो, लांबी मात्र नसते. एक्स्पोर्टिफाय हे साधन फक्त स्पॉटिफायसाठी आहे, पण ते लांबीही देतं, मिलिसेकंदांत. 412000 म्हणजे 412 सेकंद, 6 मिनिटं 52 सेकंद. काकांसारखी यादी असेल तर मी एक्स्पोर्टिफायची फाइल घेईन. नुसती चित्रपटगीतं असतील तर कुठलीही चालेल.

ही फाइल स्थलांतराच्या आधी काढायची. नंतर काढली तर चुकलेलं गाणं कशाशी ताडून बघणार?

फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली आणि देवनागरी नावांच्या जागी `à¤®à¤¾` असलं काही दिसलं, तर घाबरू नका आणि सेव्ह तर मुळीच करू नका. मजकूर शाबूत असतो, एक्सेल तो चुकीच्या पद्धतीनं वाचतंय इतकंच. रिकामी शीट उघडून डेटा मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणायचा आणि भाषा-संकेतात `65001: Unicode (UTF-8)` निवडायचं. गुगल शीट्समध्ये हा त्रास सहसा होत नाही.

मग शास्त्रीय, अभंग आणि दासपदांसाठी दोन रकाने स्वतः वाढवायचे. एकात गाण्याचं नाव त्याच्या मूळ लिपीत, कारण उद्याच्या सेवेत कोणतं स्पेलिंग असेल याची खात्री नाही. दुसऱ्यात ध्वनिमुद्रणाची खूण: स्टुडिओतलं की मैफिलीतलं, कोणत्या अल्बममधलं. «राग यमन» एवढ्या नोंदीवरून पुढच्या वेळी काहीच हाती लागायचं नाही. आयएसआरसीतले वर्षाचे दोन अंक पाहून गाण्याचं वर्ष मात्र लिहू नका. ते क्रमांक दिल्याचं वर्ष असतं, आणि ही पद्धत 1986 मध्ये आली. जुन्या तबकड्यांवरच्या गाण्यांना क्रमांक फार नंतर मिळालेत. शिवाय तेच गाणं नव्यानं साफ करून काढलं तर त्याला वेगळा क्रमांक लागू शकतो, म्हणून क्रमांक असला तरी लांबीचा रकाना गाळू नये.

एवढी उठाठेव करायची का? गाणं सेवेत कायम असतं असं धरून चालता येत नाही. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये आलं, पण एचएमव्हीच्या काळापासूनचा साठा ज्यांच्याकडं आहे त्या सारेगामाशी त्यांचा करार जून 2020 मध्ये झाला. मधल्या बहुतेक काळात ती जुनी गाणी तिथं नव्हती. रेसो 31 जानेवारी 2024 ला भारतात बंद झालं आणि त्याच वर्षी विंकही. तिथल्या याद्या ज्यांनी वेळेत उतरवून घेतल्या नाहीत त्यांना आठवेल तेवढंच परत जमवावं लागलं.

मग कुणी काय करावं

यादी बहुतेक हिंदी चित्रपटांची आणि 500 च्या आत असेल, तर ट्यूनमायम्युझिक वापरून मोकळं व्हा. अभंग, नाट्यपदं, दासपदं यांचा भाग मोठा असेल, तर यादी आधी दोन भागांत तोडा. हिंदी साइटवर सोडा आणि उरलेली तक्त्यासमोर बसून हातानं लावा. 130 गाणी दोन संध्याकाळचं काम आहे. साइटनं लावलेली चुकीची गाणी शोधून काढत बसण्यापेक्षा मला तेच बरं वाटतं.

जांबोटी, कणकुंबीकडं जाताना रेंज नसते म्हणून गाणी डाउनलोड करून ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ते डाउनलोड त्या ॲपपुरतेच असतात, यादीबरोबर येत नाहीत. नव्या ॲपमध्ये सगळी पुन्हा उतरवावी लागतात, तेही घरच्या वायफायवर असताना, घाटात शिरल्यावर नाही. जुनं सदस्यत्व महिनाभर चालू ठेवा, तोवर तपासणी होते. ती झाली की स्पॉटिफायच्या खात्यातल्या ॲप्सच्या पानावरून आणि गुगल खात्याच्या जोडलेल्या सेवांमधून त्या स्थलांतराच्या साइटचा प्रवेश काढून टाका. सीएसव्हीची एक प्रत फोनबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःलाच पाठवलेल्या मेलमध्ये ठेवा.