८ वर्षं जुना लॅपटॉप, रोज क्रॅश, मदरबोर्ड गेला म्हणे: रिपेअर करून ५ महिने वापरला, आता सांगतो

लॅपटॉप २०१८ च्या मार्चमधला. आठव्या जनरेशनचा आय५, म्हणजे ८२५०यू, १ टीबीची जुनी फिरती हार्डडिस्क, आणि रॅम ४ अधिक ४. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कंपनीवाले सगळे सारखेच. यातली ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे आणि दुसरी ४ जीबीची पट्टी स्लॉटमध्ये. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुढे हिच्यावरच डोकं आपटणार आहे.

मी गावात फॉर्म भरायचं छोटं दुकान चालवतो, सातबारा, पीक विमा, पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म. दारव्हा तालुका. मागच्या दिवाळीपासून हा लॅपटॉप मधेच बंद पडायला लागला. कधी निळी स्क्रीन यायची, कधी काहीच नाही, फट्टकन काळा. समोर काकू बसलेल्या, आधारचा ओटीपी येऊन गेलेला, आणि आपण परत चालू व्हायची वाट बघत बसायचं. आधीची डिस्क चार-चार मिनिटं घ्यायची सुरू व्हायला, तोवर ओटीपीचा टाइम संपलेला.

अमरावतीला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. तपासणीचे ५९० रुपये आधी घेतले, दोन दिवसांनी फोन, "मदरबोर्ड बदलावा लागेल, १७,८०० अधिक टॅक्स." मी विचारलं उघडून पाहिला का, तर म्हणे सिस्टिमवर तसं दाखवतंय. कोणती सिस्टिम ते नाही सांगितलं. त्याच बाजारात नव्या लॅपटॉपची चौकशी केली, ८ जीबीचा साधा ४१ हजारांच्या खाली कोणी बोलेना. एसटीत बसून परत आलो, बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बैल लंगडला त पहिले खूर पायतेत, एकदम बाजारात नाई नेत त्याले." मला तेव्हा राग आला होता खरं.

मग पहिली चूक मी स्वतः केली. मित्र म्हणाला हार्डडिस्क म्हातारी झाली, एसएसडी टाक, सगळं ठीक होते. २,१०० ची २४० जीबीची एसएसडी घेतली, जुनी डिस्क जशीच्या तशी तिच्यावर कॉपी केली, आणि खरं सांगतो, २२ सेकंदात सुरू झाला तेव्हा वाटलं नवीनच आणला. घरात सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवलं. अकराव्या दिवशी परत निळी स्क्रीन. आणि वरून पोरीच्या बारशाचे काही फोटो उघडले तर खालचा अर्धा भाग नुसता करडा.

हे का झालं ते नंतर कळलं. कॉपी करताना प्रत्येक फाईल आधी रॅममध्ये येते आणि तिथून नव्या डिस्कवर जाते. रॅमच चुकीचं लक्षात ठेवत असेल तर ती चूक डिस्कवर पक्की लिहिली जाते, आणि कॉपी करणारा प्रोग्राम बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. म्हणजे बिघडलेल्या रॅमवर विंडोज टाकणं किंवा डिस्क कॉपी करणं म्हणजे पायली फुटकी आहे हे माहीत नसताना धान्य मोजत बसणं. नशीब जुनी डिस्क मी पुसली नव्हती, फोटो तिच्यावर शाबूत होते. आधी रॅम तपासा, मग डिस्कला हात लावा. मी उलटं केलं आणि पूर्ण विंडोज दुसऱ्यांदा टाकावं लागलं.

दारव्ह्याला एक रिपेअरवाला आहे, मोबाइलचीच कामं जास्त करतो. त्यानं दोन मिनिटात विचारलं, "दादा, निळी स्क्रीन येते का सरळ लाईट गेल्यासारखा बंद पडते?" मी म्हटलं दोन्ही. तो म्हणे, "मंग दोन बिमाऱ्या हायेत, तुम्ही एकीचे पैसे देऊन राह्यले."

हा प्रश्न सर्व्हिस सेंटरवाल्यानं एकदाही विचारला नव्हता, आणि उत्तर लॅपटॉपमध्येच लिहून ठेवलेलं असतं. `eventvwr` उघडा, Windows Logs मध्ये System, तिथं Kernel-Power 41 शोधा. प्रत्येक अचानक बंद पडण्याची तिथं नोंद होते. तिच्या Details मध्ये BugcheckCode असतो. तो 0 असेल तर विंडोजला काही कळायच्या आत करंट गेला किंवा मशीन बसलं. आकडा असेल तर विंडोज स्वतः चूक पकडून थांबलं. माझ्याकडं दोन महिन्यांत १९ नोंदी होत्या, त्यातल्या ८ मध्ये 0 आणि बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी 26. हा आकडा साध्या दशमान पद्धतीत असतो, निळ्या स्क्रीनवर तोच MEMORY_MANAGEMENT म्हणून दिसतो.

शून्यवाल्यांची वेळ जुळवून पाहिली तर सगळ्या संध्याकाळच्या, आमच्याकडे लाईट झपकते तेव्हाच्या. बॅटरी मेलेली, त्यामुळं लाईट अर्धा सेकंद गेली तरी लॅपटॉप गेला. बॅटरीचं खरं वय पाहायला ही कमांड आहे, एक एचटीएमएल फाईल बनते ती ब्राउझरमध्ये उघडायची:

```
powercfg /batteryreport
```

माझी मुळात ४१,०४० मिलिवॉट-अवर ची, आता पूर्ण चार्ज होऊन ५,९००. आणि टचपॅड काही महिन्यांपासून घट्ट झालं होतं, दाबलं जात नव्हतं, ते का तर खालून बॅटरी फुगून त्याला वर ढकलत होती. असं दिसलं तर चार्जिंगला लावणं बंद करा आणि बॅटरी काढून घ्या. मी तसाच दोन महिने वापरला, मूर्खपणा होता तो.

आता रॅम. ती तपासायचा MemTest86 हा प्रोग्राम फुकट मिळतो, पेनड्राईव्हवर टाकायचा, सुरू होताना बूट मेनूतून पेनड्राईव्ह निवडायचा, विंडोज लागतच नाही. पहिल्यांदा लावलं तर २० मिनिटांत लाल ओळी, म्हणजे रॅमच्या चुका. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास, तिथं चालवून घेऊ हा प्रकार नाही.

आणि इथंच माझी खरी झोप उडाली, कारण लाल ओळ कोणत्या ४ जीबीची? स्लॉटवाली पट्टी खराब असेल तर काढून फेकायची, दुसरी लावायची. पण बोर्डावर सोल्डर केलेली खराब असेल तर तो मदरबोर्डच बदलायचा, म्हणजे सर्व्हिस सेंटरवाला बरोबर निघाला असता, आणि मग माझ्यासारख्यानं एक रुपयासुद्धा घालू नये, डिस्क काढून घ्यावी आणि बाकीचा भंगारात. रॅम सोल्डर करायची अक्कल कोणी काढली देव जाणे. लॅपटॉप दोन मिलिमीटर पातळ झाला असेल, त्यासाठी ४०-४५ हजारांची वस्तू एका चिपच्या जिवावर. हे विकताना कोणी सांगत नाही, डब्यावर फक्त ८ जीबी लिहिलेलं असतं. इथून पुढे कोणी माझ्यासमोर लॅपटॉप विकत घेत असेल तर मी प्रोसेसर नंतर विचारीन, आधी विचारीन रॅम निघते का.

तर केलं असं. चार्जर काढला, मागचं झाकण उघडलं, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग स्लॉटमधली पट्टी काढली. फक्त बोर्डावरच्या ४ जीबीवर टेस्ट लावली. फुकटच्या व्हर्जनमध्ये चार फेऱ्या होतात. मधे लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून, म्हणून शेजाऱ्याचा इन्व्हर्टर मागितला. रात्री अडीच वाजता चारही फेऱ्या पास, एक एरर नाही. बायको म्हणाली एवढा आनंद बारावीच्या निकालाला झाला होता का.

पट्टीलाही एक संधी दिली. तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर हलकं फिरवलं, परत नीट बसवली, कारण पावसाळ्याच्या दमटपणानं नुसता कॉन्टॅक्ट बिघडलेला असू शकतो. परत लाल. म्हणजे पट्टीच गेलेली.

रॅमचे भाव मात्र तोपर्यंत भडकले होते. वर्षभरापूर्वी मला १,८०० सांगितलेली ८ जीबीची डीडीआर४ पट्टी आता ४,८००. शेवटी रिपेअरवाल्याकडून जुनी, दुसऱ्या लॅपटॉपमधली २,६०० ला घेतली, पण अट घातली की मेमटेस्ट रात्रभर चालवूनच पैसे देईन. तो हसला, पण हो म्हणाला. बॅटरी २,४००, पंखा साफ करून नवीन पेस्ट ४००. एसएसडी धरून ७,५००. वर ते ५९० आहेतच, ते आठवले की अजून जीव जळते.

मग विंडोज ११ टाकलं, कारण १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दुकानात लोकांचे आधार, बँक पासबुक हाताळायचे असतात. आठवी जनरेशन ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत बसते, बायोसमध्ये टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, चालू करावी लागली एवढंच. भावाचा सातव्या जनरेशनचा लॅपटॉप दिसायला असाच, पण त्या यादीत नाही. त्याचा बिघडला असता तर मी हेच ७,५०० घाला असं त्याला सांगितलं नसतं.

इथपर्यंत मी एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं, पाच पैकी पाच देणार होतो. मग मे मध्ये एका दुपारी परत फट्टकन बंद. पोटात गोळा आला. लॉग पाहिला, BugcheckCode 0. पण लाईट तर होती आणि नवी बॅटरीही होती. मागच्या जाळीवर हात ठेवला तर चटका. झाकण उघडलं तर पंखा आणि तांब्याच्या पट्टीच्या मधे पांढरी गादीच, रुईची. भाव येईल म्हणून कापूस घरातच ठेवला होता, दुकान त्याला लागून. साफ केल्यावर टेंपरेचर ९७ वरून ७८ वर आलं आणि त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. पण हे दर तीन-चार महिन्यांनी करावं लागणार हे धरून चाला, आमच्याकडच्या घरांत तरी. तेव्हा पाचाचे चार करतो.

बॅटरी कंपनीची नाही. लेबलवर ४१ हजार लिहिलंय, रिपोर्टमध्ये पहिल्याच दिवशी ३५ हजार निघाले आणि आता ३१ च्या आसपास. दीड तास चालतो. झपकणाऱ्या लाईटीपुरता पुरे.

उजवीकडचं बिजागर आता करकरायला लागलंय. त्याचे ९०० सांगितले. मी लॅपटॉप उघडाच ठेवतो.