क्वार्टर ब्रिज ॲम्प्लिफायर बोर्ड: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या वर्कशॉपमधील हायड्रॉलिक प्रेसच्या पोलादी चौकटीवर ३५० ओहमचा एक स्ट्रेन गेज चिकटवून त्यासाठी हा स्वस्तातला बोर्ड घेतला, त्याला आठ महिने झाले. पहिले दोन महिने मी त्याला बोल लावत होतो, कारण प्रेसवर काहीही भार नसतानाही आउटपुट ५ व्होल्टला चिकटून बसत असे. विक्रेत्याने चिप जळल्याचे सांगून दुरुस्तीचे पैसे मागितले, आणि मी ते देण्यास साफ नकार दिला.

माझे गणित चोख होते. चौकटीत जास्तीत जास्त ५०० मायक्रोस्ट्रेन विकृती अपेक्षित होती आणि गेज फॅक्टर २ होता, म्हणून रोधातील बदल ०.३५ ओहम. ब्रिजला ५ व्होल्ट दिल्यावर:

```
Vo = (Vex / 4) × GF × ε
   = (5 / 4) × 2 × 0.0005 = 1.25 mV
```

बोर्डाचे आउटपुट विश्रांतीला २.५ व्होल्टवर असते आणि पूर्ण भाराला ते २ व्होल्टने वर जावे अशी माझी इच्छा होती, म्हणजे गेन १६०० हवा.

चूक सापडली ती वायरीत. तीन मीटर लांबीच्या दोन बारीक तारांचा एकूण रोध ०.७ ओहम भरला, म्हणजे मोजायच्या बदलाच्या दुप्पट! एवढ्यानेच ब्रिज २.५ मिलिव्होल्टने असंतुलित होतो, १६०० पटींनी त्याचे ४ व्होल्ट होतात, आणि आउटपुटला वर तर २.५ व्होल्टचीच जागा आहे. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्का वाढतो, त्यामुळे दुपारी वायर १० अंशांनी तापली की मापन ०.१६ व्होल्टने सरकले असते आणि तो सरक भार म्हणून वाचला गेला असता.

बोर्डावर तिसऱ्या तारेचा टर्मिनल मुळातच आहे, पण सोबतच्या पत्रकात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि माझा खरा राग याचाच आहे. गेजच्या एका टोकाला दोन तारा जोडल्या की ब्रिजच्या शेजारच्या दोन भुजांत एकेक तार येते, दोघींचा रोध एकमेकांना छेदतो, आणि आउटपुटकडे जाणाऱ्या तिसऱ्या तारेतून जवळजवळ प्रवाह वाहत नाही. ही जोडणी केल्याबरोबर आउटपुट २.५३ व्होल्टवर आले. चिप पूर्ण शाबूत होती.

गेन खरोखर १६०० आहे का, हे पाहण्यासाठी मी ३३० आणि २० किलोओहमचे रोध एकसर जोडून गेजला समांतर लावले. त्याने गेजचा रोध ०.३५ ओहमने घटतो, म्हणून आउटपुट २ व्होल्टने उतरायला हवे होते, पण ते १.९२ व्होल्टनेच उतरले. गेन चार टक्के कमी होता, तो ट्रिमरने दुरुस्त केला. ही जोडी मी एका स्विचमागे कायमची बसवली असून दर सोमवारी प्रेस सुरू करण्यापूर्वी ती उतरण पाहतो. गेल्या सहा महिन्यांत ती १.९९ व्होल्टखाली गेलेली नाही.