साबणाची वडी की बॉडी वॉश : बोअरच्या पाण्यात नऊ महिन्यांचा अनुभव

लातूरमधील आमच्या इमारतीत आंघोळीला बोअरचे पाणी येते. त्याचा जडपणा सांगायला चाचणीची गरज नाही, कारण बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाला पांढरा थर आठवडाभरात जमतो. गेल्या दिवाळीनंतर माझ्या पायांच्या नळ्यांवर नखाने पांढऱ्या रेघा उठू लागल्या आणि सासूबाईंना आंघोळीनंतर तासभर खाज सुटू लागली, तेव्हा वर्षानुवर्षे वापरात असलेली वडी बाजूला ठेवून बॉडी वॉश आणावा की काय, असा प्रश्न घरात निघाला. जाहिरातींवर निर्णय घेण्यापेक्षा दोन्ही नीट वापरून पाहायचे मी ठरवले. त्याला आता नऊ महिने झाले.

सुरुवात सामूपासून केली. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि त्याचा सामू साधारण ५ च्या आसपास राहतो. तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून बनलेल्या खऱ्या साबणाचे द्रावण मात्र ९ ते १० च्या घरात जाते. हे साबणाच्या रसायनातच आहे, त्यामुळे महागड्या वडीलाही ते चुकवता येत नाही. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. तोच गुण मी तपासणीसाठी वापरला. अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये एक चमचा हळद ढवळून गाळून घेतली, त्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवल्या आणि सावलीत वाळवल्या. घरातल्या प्रत्येक साबणाचा कीस बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात विरघळवून त्याचा एकेक थेंब पट्टीवर टाकला. नेहमीच्या दोन्ही वड्यांनी पट्टी तांबडी केली, तर बॉडी वॉशने ती पिवळीच ठेवली. हळद साधारण ८ च्या पुढे रंग बदलते, म्हणून तिच्यावरून नेमका आकडा कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून सामूपट्ट्या आणल्या. त्यांवर वड्या ९ ते १० च्या मध्ये आणि बॉडी वॉश ५ ते ६ च्या मध्ये आला.

दोन उत्पादनांनी मात्र मला चकित केले. ‘नैसर्गिक’ असे लिहिलेल्या एका द्रव साबणाने हळद लगेच लाल केली. घटकांच्या यादीत पोटॅशियम कोकोएट असे नाव होते, म्हणजे तो बाटलीत भरलेला खरा साबणच होता. उलट, त्वचारोगतज्ज्ञांनी सासूबाईंना लिहून दिलेली वडी दिसायला साबणासारखीच होती, पण तिने पट्टी पिवळी ठेवली. तिच्या यादीत सोडियम कोकॉईल आयसेथिओनेट पहिले होते. अशा वडीला सिंडेट म्हणतात, म्हणजे साबण नसलेल्या सौम्य मार्जकाची वडी. तेव्हापासून मी घट्ट की पातळ हे पाहणे सोडले आणि वेष्टनावरची पहिली दोन-तीन नावे वाचू लागले. सोडियम पामेट, सोडियम टॅलोएट किंवा सोडियम पाम कर्नेलेट दिसले की तो साबण असतो.

कोरडेपणाची परीक्षा डिसेंबरच्या मध्यात सुरू केली आणि ती तीन आठवडे चालवली. डाव्या नळीवर नेहमीची वडी, उजव्या नळीवर बॉडी वॉश, पाणी तेच आणि कोमटच, आणि तेवढे दिवस पायांना तेल किंवा मॉइश्चरायझर काहीही नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत फरक जाणवला नाही. दुसऱ्या आठवड्यात डावा पाय आंघोळीनंतर ओढल्यासारखा वाटू लागला आणि घोट्याच्या वर बारीक पापुद्रे दिसू लागले. उजवा पायही कोरडा झाला, पण त्यावर पापुद्रे आले नाहीत आणि खाज सुटली नाही. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पायावर मुद्दाम बॉडी वॉश दुप्पट घेतला आणि लूफाने भरपूर फेस करून घासले, तेव्हा चौथ्या दिवशी तोही डाव्यासारखाच ओढू लागला. हा एका माणसाच्या दोन पायांचा अनुभव आहे, त्याहून मोठा दावा मी करत नाही. तरीही केवळ सामू कमी असल्याने उत्पादन सौम्य ठरत नाही, हे मला त्यातून पटले. मार्जकाचे रेणू त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्धांश आणि ओलावा धरून ठेवणारे घटक धुऊन नेतात. सामू जास्त असेल तर तो थर अधिक फुगतो आणि हानी वाढते, पण सोडियम लॉरिल सल्फेटसारखे तीव्र मार्जक ५.५ सामूलाही त्वचेला त्रास देतेच.

आमच्याकडे यात पाण्याची भर पडते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. बादलीच्या कडेची राखाडी रेघ तीच असते आणि तोच साका अंगावरही राहतो. त्यामुळे अंग धुतले तरी ते बुळबुळीत वाटते, आपण आणखी साबण लावतो आणि आणखी घासतो. बॉडी वॉश आणि सिंडेट यांचा असा साका होत नाही. मला वाटते की आमच्या घरात फरक इतका स्पष्ट दिसण्याचे मोठे कारण हेच आहे. माझी बहीण जिथे राहते तिथे पाणी मृदू आहे, आणि माझ्याच वापरातली वडी तिच्याकडे पंधरा दिवस वापरूनही पायांवर पापुद्रे आले नाहीत.

स्वच्छतेबद्दल माझा समज पूर्णपणे बदलला. एकाच वडीला घरातल्या सर्वांचे हात लागतात, म्हणून बाटली अधिक स्वच्छ, असे मी मानत होते. ओल्या वडीवर जंतू सापडतात, हे खरे आहे. परंतु १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वड्यांवर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जंतू मुद्दाम लावून १६ जणांना हात धुवायला दिले, तेव्हा एकाच्याही हातावर ते मोजण्याइतके आढळले नाहीत. फेसाबरोबर वडीवरचा थरही वाहून जातो. खरी अडचण पाणी साचलेल्या साबणदाणीची आहे, आणि जाळीची साबणदाणी घेतल्यावर आमची वडी अधिक दिवस टिकूही लागली.

उलट, बॉडी वॉशच्या बाजूने मला दोन धोके दिसले. लूफा दिवसभर न्हाणीघरात ओला राहतो आणि त्यात त्वचेचे पापुद्रे अडकून राहतात. पाचव्या आठवड्यात त्याला कुबट वास येऊ लागला, तेव्हा तो टाकून दिला आणि हातानेच लावू लागले. दुसरा धोका आपल्या सवयीचा आहे. बाटली संपत आली की आपण तीत पाणी घालून हलवतो. बॉडी वॉशमध्ये बरेचसे पाणीच असते आणि ते परिरक्षकामुळे टिकते, त्यात आणखी पाणी घातले की परिरक्षक विरळ होऊन त्या बाटलीत जंतू वाढू शकतात. पाणी घालायचेच असेल तर तेवढे त्याच दिवशी संपवावे. काहींना मेथिलआयसोथायाझोलिनोनसारख्या परिरक्षकांची ॲलर्जी असते, त्यामुळे नवीन बाटलीनंतर पुरळ उठले तर यादीत हे नाव आहे का, ते पाहावे.

सध्या सासूबाई सिंडेटची वडी वापरतात आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावतात, त्यांची खाज फेब्रुवारीपर्यंत थांबली. मी हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बॉडी वॉश वापरला, तोही त्वचारोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून काखा, जांघा आणि पावले एवढ्याच ठिकाणी, बाकीच्या अंगाला रोज नुसते पाणी. पावसाळा सुरू झाल्यावर घाम आणि तेलकटपणा वाढला, तेव्हा पाठीला जुनी वडी पुन्हा चालू केली आणि तिथे ती आजपर्यंत त्रासदायक ठरलेली नाही. नळ्यांना मात्र ती आता लावत नाही.