ईएमआयच्या तक्त्याची पहिली ओळ नेहमीच बरोबर निघते, फसवणूक दुसऱ्या ओळीपासून सुरू होते

एका कर्जदाराच्या हाती पडलेला तक्ता असा होता: कर्ज 5,00,000 रुपये, व्याजदर घटत्या शिलकीवर वार्षिक 12 टक्के, मुदत 60 महिने, हप्ता 11,122 रुपये. हप्त्याचा आकडा चोख आहे. एक्सेलमध्ये तो असा पडताळता येतो:

```
=PMT(12%/12,60,-500000)
```

पहिल्या महिन्याचं व्याज 5,000 आणि मुद्दल 6,122, हेही बरोबर. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण मुद्दल दरमहा कमी धरा की वर्षातून एकदा, पहिल्या महिन्यात शिल्लक पूर्ण कर्जाइतकीच असते, त्यामुळे ही ओळ जुळतेच.

दुसऱ्या महिन्यात शिल्लक 4,93,878 झाली. तिचा एक टक्का 4,939, म्हणजे मुद्दलात 6,183 जायला हवेत. तक्त्यात मात्र पुन्हा 5,000 आणि 6,122 होते, आणि बाराव्या महिन्यापर्यंत तेच. म्हणजे हप्ता दरमहा वसूल होत होता, पण व्याजासाठी मुद्दल वर्षातून एकदाच कमी धरलं जात होतं. दुसऱ्या महिन्यात फरक फक्त 61 रुपयांचा, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. वर्षअखेर शिल्लक 4,22,358 ऐवजी 4,26,536 दिसते. असंच चालू राहिलं तर साठावा हप्ता भरल्यावरही सुमारे 33,300 रुपये उरतात. ते मग ‘समायोजन’ अशा गोंडस नावाखाली मागितले जातात किंवा जवळजवळ तीन हप्ते वाढवले जातात.

म्हणून कुठल्याही ओळीत आधीची शिल्लक घ्या, तिला वार्षिक दराने गुणा आणि 12 ने भागा. दुसरी, बारावी आणि तेरावी ओळ तपासली तरी पुरे. बाराव्या महिन्याचं व्याज 4,292 च्या आसपास हवं. शेवटच्या ओळीत शिल्लक शून्य आहे ना, तेही पाहा. पूर्णांकांमुळे काही रुपये इकडेतिकडे होतील, तेवढं चालतं.

प्रत्येक फरक लबाडीचा नसतो. व्याज दिवसांवर मोजत असतील तर 5,00,000 वर 31 दिवसांचं 5,096 आणि 28 दिवसांचं 4,603 येतं, म्हणजे व्याज एखाद्या महिन्यात वाढूही शकतं. तिथे 12 ने न भागता दिवसांनी गुणून 365 ने भागायचं. करारनाम्यात ‘वार्षिक रेस्ट’, म्हणजे व्याजासाठी मुद्दल वर्षातून एकदाच कमी धरायचं, असं स्पष्ट लिहिलं असेल तर वर्षभर सारखं व्याज हे कराराप्रमाणेच आहे, फक्त तो 12 टक्के मासिक पद्धतीच्या 12 टक्क्यांपेक्षा महाग पडतो. इथे करारात ‘मासिक रेस्ट’ होतं.

तक्रार करताना छापील तक्ता पुरत नाही, कर्जखात्याचा उतारा लागतो. लेखी मागणीत दर महिन्याची आरंभीची शिल्लक, दर, दिवस आणि व्याज मागा. जादा घेतलेलं व्याज ज्या त्या हप्त्याच्या तारखेपासून मुद्दलात जमा करायला सांगा. आजच्या तारखेने एकरकमी जमा केलं, तर मधल्या काळात त्या रकमेवर लावलेलं व्याज त्यांच्याकडेच राहतं.