डबा साडेचारशेनं महागला: घासाघीस करावी, कृती बदलावी की पाकीट लहान करावं?

14 सप्टेंबर 2024 ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं. दिवाळी दीड महिन्यावर होती. माझा सोयाबीन तेलाचा 15 किलोचा डबा 1,650 वरून बघता बघता 2,100 ला गेला. त्या आठवड्यात आमच्या ओळखीतल्या निम्म्या फरसाणवाल्यांनी पाकिटातला माल कमी केला. मी आधी वही उघडली, म्हणून इथे तिन्ही वाटा शेजारी शेजारी मांडता येताहेत. आकडे माझ्या छोट्या कारखान्याचे, गोल केलेले.

महिन्याला 400 किलो भाजणीची चकली, म्हणजे 200 ग्रॅमची 2,000 पाकिटं, छापील किंमत 70 रुपये. किलोभर चकलीला, कढईत जळणारं आणि झाऱ्यावरून सांडणारं धरून, साधारण 360 ग्रॅम तेल जातं. महिन्याला दहा डबे. डब्यामागे 450 म्हणजे महिन्याला 4,500 रुपये जास्त, आणि पाकिटामागे सव्वादोन रुपये. तेल 27 टक्क्यांनी वाढलं तरी पाकिटाच्या किमतीवरचा बोजा तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. हा आकडा न काढता जो निर्णय घेतो तो घाबरून घेतो.

पहिली वाट घासाघिशीची. तेलाच्या व्यापाऱ्याकडून फार मिळत नाही. मी महिन्याची उधारी सोडून रोख द्यायची तयारी दाखवली, तेव्हा डब्यामागे तीस रुपये सुटले, म्हणजे महिन्याला 300. “ताई, एकदम तीस डबे उचला, अजून कमी करतो,” असंही तो म्हणाला. चढत्या बाजारात हे गोड वाटतं, पण तीन महिन्यांचं भांडवल अडकतं आणि भाव उतरला तर महाग तेल आपल्याच गळ्यात. भाव विचारताना एक मात्र बघाच: डबा 15 किलोचा की 15 लिटरचा? 15 लिटर तेल भरतं जेमतेम पावणेचौदा किलो. स्वस्त वाटलेला डबा पुष्कळदा लिटरचा निघतो.

खरी घासाघीस दुकानदाराशी करायची असते, आणि तीही कमिशनवर नव्हे. त्याच्या 20 टक्क्यांना हात लावलात तर तो मान डोलावेल आणि तुमची बरणी मागच्या फळीवर सरकवेल. मी परत येणाऱ्या मालावर बोलले. महिन्याला 80 पाकिटं मऊ पडून किंवा चुरा होऊन परत यायची, प्रत्येकाचा बनवायचा खर्च 45 रुपये. कारण साधं होतं: पंधरा दिवसांचा माल एकदम टाकत होतो. आता दर आठवड्याला थोडा देतो आणि जुनी पाकिटं पुढे लावून येतो. परतीचा माल 35 पाकिटांवर आला, 2,025 रुपये वाचले. वाढलेल्या फेऱ्यांचं पेट्रोल 500 धरा. तेलातले 300 मिळवून घासाघिशीतून हाती आले सुमारे 1,800. गिऱ्हाइकाला यातलं काही कळलंही नाही.

दुसरी वाट कृतीची. इथे पहिलं मनात येतं पामोलीन. दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ते थंडीत थिजतं, चकलीवर पांढरट साय धरते आणि टाळूला चिकटल्यासारखं लागतं. दुसरी म्हणजे 2024 च्या शेवटी पाम तेलच सोयाबीनपेक्षा महाग झालं होतं, नेहमीचा हिशेब उलटा. शिवाय वेष्टनावर कुठलं तेल वापरलं ते नाव घालून लिहावं लागतं, म्हणजे छापलेल्या पिशव्या वाया. भाजणीत तांदूळ वाढवणं हाही स्वस्त उपाय, पण चकली टणक होते आणि रंग फिका पडतो. जुनी गिऱ्हाइकं पहिल्या घासाला ओळखतात. आणि तेल जास्त दिवस फिरवून बचत करायचा विचार करू नका; पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात साठणाऱ्या एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा 25 टक्के आहे, आणि तिथवर पोचायच्या आधीच चकलीला खवट वास येतो.

माझ्या मते कृतीत बदल करायचा तो चकली तेल पिते किती यात. पीठ सैल भिजवलं की पाणी बाहेर पडतं आणि त्या जागी तेल शिरतं. मोहन जास्त झालं तर चकली कढईत सुटते आणि स्पंजासारखी होते. एका वेळी जास्त चकल्या सोडल्या की तेल थंड होतं आणि त्या तळण्याऐवजी भिजत राहतात. मी एक थर्मामीटर घेतला, सोडताना 175 अंश, घाण्याला बाराऐवजी नऊ चकल्या, आणि निथळायला उभ्या जाळीवर पाच मिनिटं. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी कढईसकट तेलाचं वजन केलं. 360 वरून 335 ग्रॅमवर आलो. महिन्याला दहा किलो तेल, 1,400 रुपये. घाणे वाढल्यामुळे गॅस आणि मावशींचा वेळ थोडा जास्त जातो, तो यातून वजा करा.

बदल जिभेला कळतो का हे घरच्यांना विचारू नका, ते “छान” म्हणतात. नऊ नेहमीच्या गिऱ्हाइकांपुढे तीन वाट्या ठेवा, दोन एकाच मालाच्या, एक वेगळी, आणि वेगळी कुठली ते विचारा. नुसत्या अंदाजानंही तिघं बरोबर सांगतील. सहा किंवा जास्त जणांनी ओळखली तर बदल कळतोय. माझ्याकडे चौघांनी ओळखली.

तिसरी वाट पाकीट लहान करायची. कागदावर हीच सर्वांत भारी: 200 चं 180 ग्रॅम केलं तर कच्च्या मालाचे पाकिटामागे अडीच रुपये वाचतात, महिन्याला पाच हजार, सगळा बोजा एका फटक्यात. पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघा. ग्रॅममागे 35 पैसे होते ते 39 झाले, आणि तो दर आता पाकिटावर छापावाच लागतो. आपला बोजा तीन टक्के, त्याच्यावर टाकला अकरा टक्के. आणि चकली मोजता येते. आमची एक चकली वीस ग्रॅमची, पाकिटात दहा. शेजारच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी दर शनिवारी पाकीट डब्यात रिकामं करताना मोजतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नऊ निघाल्या तर ते पुढच्या शनिवारी काही बोलणार नाहीत, फक्त येणार नाहीत. शेव किंवा चिवड्यात हे लवकर ध्यानात येत नाही, पण रोज घेणाऱ्याला डबा कुठवर भरतो ते कळतं.

टपरीवरच्या दहा रुपयांच्या पुडीला मात्र दुसरा इलाज नाही. तिथे बारा रुपये कोणी देत नाही, तिथे वजनच हलतं. माल अर्थातच नव्या वजनाच्या पिशवीत भरायचा. 200 छापलेल्या जुन्या पिशवीत 180 भरणं हा वैधमापन कायद्यानं गुन्हा.

आणखी एक फरक मला उशिरा कळला. 2025 च्या मे अखेर कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क 10 टक्क्यांवर आलं. वाढवलेली किंमत अशा वेळी उतरवून फळ्यावर लिहिता येते. घटवलेलं वजन पुन्हा वाढवताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही.

तेव्हा दुकानांत माल जात असेल तर आधी परतीचा माल मोजा. घरगुती गिऱ्हाइक जास्त असेल तर कढईचं वजन करा. या दोन्हींतून माझे 3,200 निघाले. उरले 1,300, पाकिटामागे 65 पैसे. ते दिवाळीपर्यंत मी सोसले. जानेवारीत पाकीट 72 केलं आणि गुरुजींना आधी सांगितलं. त्यांनी सुटे दोन रुपये शोधले आणि विचारलं, “दहाच आहेत ना?”